‘अनुक्रमे’पाशी अडलेली नववी : एका प्रश्नाचा प्रकरण अभ्यास

खानदेशातील एका तालुक्याच्या गावी, मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवतो. आमच्याकडे येणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांच्या घरी अहिराणी बोलली जाते, काहींच्या घरी पावरी, आणि उरलेल्यांच्या घरी जी मराठी बोलली जाते ती पाठ्यपुस्तकातील मराठीपासून बरीच दूर असते. पुढे मांडलेले प्रकरण नववीच्या एका वर्गाचे आणि धाराविद्युत या प्रकरणावरील एका प्रश्नाचे आहे. मुलांची ओळख पटेल असा तपशील मी वगळला आहे. उत्तरे मात्र ती लिहिली गेली तशीच दिली आहेत.

घटक चाचणीसाठी मी स्वतः तयार केलेला उतारा आणि त्याखालील प्रश्न असा होता :

“वाहकाचा रोध त्याची लांबी, त्याच्या काटछेदाचे क्षेत्रफळ आणि पदार्थाचे स्वरूप यांवर अवलंबून असतो. तापमान स्थिर आहे असे गृहीत धरल्यास, एकाच पदार्थाच्या व समान जाडीच्या तारांपैकी अधिक लांबीच्या तारेचा रोध तुलनेने अधिक असतो. परिणामी, विभवांतर तेवढेच असताना तिच्यातून वाहणारी विद्युतधारा कमी असते. अ आणि ब या दोन तारांचे रोध अनुक्रमे ३ ओहम व ६ ओहम आहेत. प्रत्येक तार स्वतंत्रपणे ६ व्होल्टच्या बॅटरीला जोडल्यास कोणत्या तारेतून अधिक विद्युतधारा वाहील? उत्तराचे कारण नमूद करा.”

उत्तर सरळ आहे. V = IR या सूत्राने अ तारेतून २ अँपिअर आणि ब तारेतून १ अँपिअर विद्युतधारा वाहते, म्हणजे अ तारेतून अधिक. किंबहुना सूत्र न वापरताही, उताऱ्यातील दुसरे आणि तिसरे वाक्य समजले असेल तर उत्तर हाती येते. वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांना ते आले नाही, आणि चुकलेल्या उत्तरांमध्ये एक उत्तर पुन्हा पुन्हा दिसत होते : “दोन्ही तारांतून सारखीच विद्युतधारा वाहील.” काहींनी त्याखाली आकडेमोडही केली होती, ३ आणि ६ मिळून ९ ओहम, ६ भागिले ९, म्हणून ०.६७ अँपिअर.

कोणताही विज्ञान शिक्षक हे पाहून जे म्हणेल तेच मी म्हणालो, की मुलांना एकसर आणि समांतर जोडणीतला फरक कळलेला नाही. म्हणून पुढचे दोन तास मी प्रयोगशाळेत काढले. तारा, बल्ब, अमीटर, सगळे टेबलावर मांडले आणि दोन्ही जोडण्या मुलांकडूनच करून घेतल्या. मुलांनी त्या चोख केल्या. आठवड्याने आकडे बदलून तसाच प्रश्न दिला, तर तेच उत्तर पुन्हा आले. दोन तास वाया गेले असे मी म्हणणार नाही, पण ते ज्या दुखण्यासाठी खर्च केले ते दुखणे तिथे नव्हते.

चुकीचे मूळ

“सारखीच” असे लिहिणाऱ्या एका मुलीला मी मधल्या सुट्टीत बसवून घेतले. ती आकडेमोडीत पक्की आहे आणि ओहमचा नियम तिला तोंडपाठ आहे. मी तिला प्रश्न मोठ्याने वाचायला सांगितला आणि विचारले,

“‘अनुक्रमे’ म्हणजे काय गं?”

“क्रमाने, सर.”

“मग या तारा कशा जोडल्यात?”

“एकीला लागून एक. आधी तीनची, मग सहाची.”

“आणि ‘स्वतंत्रपणे’ लिहिलंय त्याचं काय?”

ती जरा थांबली. “म्हणजे त्यांच्याबरोबर दुसरं काही जोडलेलं नाही, सर. बल्ब वगैरे.”

या उत्तराने मला थांबवले, कारण त्यात गोंधळ कुठेच नव्हता. तिने ‘अनुक्रमे’चा अर्थ ‘एकापाठोपाठ एक’ असा घेतला होता, आणि शब्दात ‘क्रम’ दिसत असल्याने तो घेणे अगदी स्वाभाविक होते. त्या अर्थाशी जुळेल असा अर्थ तिने ‘स्वतंत्रपणे’ला दिला. तारा एकापाठोपाठ एक आहेत, म्हणजे जोडणी एकसर आहे, म्हणजे रोधांची बेरीज करायची आणि विद्युतधारा दोन्हीतून सारखीच असणार, हा सगळा विचार विज्ञानाच्या दृष्टीने निर्दोष आहे. तिने एका वेगळ्या प्रश्नाचे बरोबर उत्तर लिहिले होते.

मग मी खिशातल्या खडूने बाकावर दोन रेघा ओढल्या आणि साध्या बोलीत विचारले, “ही तार तीन ओहमची, ही सहाची. आधी ही एकटी बॅटरीला लावली. ती काढली, मग ही एकटी लावली. कुठून जास्त जाईल?” प्रश्न पुरा होण्याआधीच ती म्हणाली, “तीनवालीतून. दोन अँपिअर.”

त्यानंतरच्या काही दिवसांत मी चुकलेल्या बाकीच्या मुलांशीही असेच एकेकटे बोललो. ‘रोध’, ‘विभवांतर’, ‘विद्युतधारा’, ‘वाहक’ यांपैकी कोणत्याही शब्दापाशी कोणी अडले नाही. व्याख्या शब्दशः सांगता आली नाही तरी रोध म्हणजे अडवणूक, त्याचे एकक ओहम, सूत्रात तो R, इतके प्रत्येकाकडे होते. अडचणी निघाल्या त्या मी लिहिताना ज्यांच्याकडे लक्षही दिले नव्हते अशा शब्दांत.

‘पदार्थाचे स्वरूप’ याचा अर्थ एका मुलाने तारेचे रूप, म्हणजे तिचा रंग आणि चकाकी, असा लावला होता. तांब्याची तार लालसर आणि ॲल्युमिनिअमची पांढरी असते, त्यामुळे त्याच्या मते रंगावर रोध ठरत होता, आणि गंमत म्हणजे वर्गात दाखवलेल्या दोन्ही तारा त्याच्या समजुतीला दुजोराच देत होत्या. ‘परिणामी’ हा शब्द अनेकांनी नुसता ओलांडला होता. त्याच्या अलीकडचे विधान कारण आणि पलीकडचे फळ, असा अर्थ त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता, त्यामुळे “विद्युतधारा कमी असते म्हणून रोध जास्त असतो” अशी उलटी वाक्ये कारण म्हणून लिहिली गेली.

सर्वांत खोल गेलेला शब्द होता ‘गृहीत धरणे’. हा शब्द मुलांना अनोळखी नाही. दूरचित्रवाणीवरच्या मालिकांत रोज कोणीतरी कोणाला तरी “मला गृहीत धरू नकोस” असे बजावत असते. तिथून मुलांनी जो अर्थ उचलला तो ‘किंमत न देणे, मोजतच नसणे’ असा होता. मग “तापमान स्थिर आहे असे गृहीत धरल्यास” याचा अर्थ त्यांच्या लेखी “तापमानाचा काही संबंध नाही” असा झाला. त्याच चाचणीतील चूक की बरोबर या प्रकारात “वाहकाच्या रोधावर तापमानाचा परिणाम होत नाही” या विधानापुढे बऱ्याच मुलांनी ‘बरोबर’ लिहिले होते, त्याचा उलगडा मला आता झाला. धातूच्या तारेचा रोध तापमानाबरोबर वाढतो, आणि नेमके म्हणूनच नियम सांगताना तापमान स्थिर ठेवावे लागते. म्हणजे ज्या शब्दाने तापमानाचे महत्त्व सांगितले होते, त्याच शब्दातून मुलांनी तापमान बिनमहत्त्वाचे असल्याचा अर्थ काढला.

अदलाबदलीची चाचणी

हा योगायोग आहे की खरोखरच काही नियम आहे, हे पाहण्यासाठी मी त्याच उताऱ्याच्या दोन आवृत्त्या केल्या. पहिलीत विज्ञानाच्या संज्ञा काढून त्यांच्या जागी निरर्थक शब्द घातले : रोधाला ‘झरप’, विभवांतराला ‘टिकमा’, विद्युतधारेला ‘हुमक’. बाकीचे शब्द तसेच ठेवले. “अधिक लांबीच्या तारेचा झरप तुलनेने अधिक असतो, परिणामी, टिकमा तेवढाच असताना तिच्यातून वाहणारा हुमक कमी असतो. अ आणि ब या तारांचे झरप अनुक्रमे ३ व ६ आहेत. दोन्ही तारांना स्वतंत्रपणे सारखाच टिकमा दिल्यास कोणत्या तारेतून अधिक हुमक वाहील?” हा कागद मी शिक्षकखोलीत मराठीच्या मॅडमपुढे ठेवला. त्यांनी दहावीनंतर विज्ञानाचे पुस्तक उघडलेले नाही. त्यांनी एकदा वाचून सांगितले, “अमधून. त्याचा झरप कमी आहे ना.”

दुसऱ्या आवृत्तीत संज्ञा ठेवल्या आणि ‘गृहीत’, ‘तुलनेने’, ‘परिणामी’, ‘अनुक्रमे’, ‘स्वतंत्रपणे’ या शब्दांच्या जागी निरर्थक शब्द बसवले. मॅडमनी तो दोनदा वाचला आणि कागद परत केला. “यात दोन तारा आहेत, एवढंच कळतंय.”

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. हीच दुसरी आवृत्ती मी गणिताच्या सरांना दिली, तेव्हा त्यांनी उत्तर झटक्यात दिले, कारण ओहमचा नियम त्यांना आधीच ठाऊक होता आणि उताऱ्यातून त्यांना काही शिकायचेच नव्हते. ज्याला विषय येतो तो जोडशब्द गाळूनही आपल्या माहितीच्या जोरावर अर्थ भरून काढतो. शिक्षकाला या शब्दांची अडचण दिसत नाही ती यामुळेच, कारण तो प्रत्येक उतारा त्या गणिताच्या सरांसारखा वाचतो. विद्यार्थी मात्र जे येत नाही ते कळावे म्हणून वाचत असतो.

दुसरी सावधगिरी अशी की ‘झरप’च्या आवृत्तीचे उत्तर आले म्हणजे वीज समजली असे मुळीच नव्हे. मॅडमना मजकुराची बांधणी समजली, रोध समजला नाही. संज्ञा शिकवायची गरज नाही असा निष्कर्ष यातून काढणे चूक ठरेल. चाचणीने एवढेच दाखवले की संज्ञा न कळताही वाचक तिला क्ष समजून पुढे नेऊ शकतो आणि नंतर अर्थ कळला की क्षच्या जागी तो बसवू शकतो. ‘परिणामी’ किंवा ‘अनुक्रमे’ यांना क्ष मानून पुढे जाता येत नाही, कारण ते कशाचे नाव नाहीत. कोणत्या गोष्टीचा कोणत्या गोष्टीशी काय संबंध आहे, हेच ते सांगतात, आणि तो संबंध सुटला की वाक्यात राहते ती नुसती नावांची रांग.

अडथळा इथेच का येतो

अमेरिकेतील संशोधक इझाबेल बेक आणि मार्गारेट मॅककिऑन यांनी शब्दांची मांडणी तीन थरांत केली आहे. पहिल्या थरात रोजच्या बोलण्यातले शब्द येतात, तिसऱ्यात एखाद्या विषयापुरते मर्यादित असलेले, आणि मधल्या थरात असे शब्द, जे बोलण्यात फारसे नसतात पण लिखित मजकुरात विषयाविषयांतून फिरत राहतात. आमच्या उताऱ्यातील ‘रोध’ तिसऱ्या थरातला आणि ‘अनुक्रमे’ दुसऱ्या थरातला. इंग्रजीपुरते बोलायचे तर न्यूझीलंडमधील ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्यापीठीय मजकुराचा मोठा संग्रह तपासून अशा ५७० शब्दकुलांची यादी केली, आणि कोणत्याही विद्याशाखेच्या मजकुरात साधारण दहातला एक शब्द या यादीतला निघतो असे त्यांना आढळले.

विज्ञानाच्या वर्गातली ही अडचण तर त्याआधीच नोंदवली गेली होती. पॉल गार्डनर यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पापुआ न्यू गिनीतील शाळांत, आणि पुढे ब्रिटनमध्ये कॅसल्स आणि जॉनस्टन या रसायनशास्त्राच्या अभ्यासकांनी, विज्ञानाच्या पुस्तकातील बिगरतांत्रिक शब्द मुलांना कितपत कळतात हे तपासले. मुले पुष्कळदा भलताच, कधी तर नेमका उलट अर्थ धरून बसतात असे दिसून आले. सहज बाष्प होणाऱ्या पदार्थासाठी इंग्रजीत जो ‘व्होलाटाइल’ शब्द आहे तो मुलांनी ‘अस्थिर, स्फोटक, पेट घेणारा’ असा घेतल्याचे उदाहरण या क्षेत्रात नेहमी दिले जाते. ते वाचताना मला आमचा ‘गृहीत’ आठवला. शब्द अनोळखी असता तर मुलाने विचारले असते. तो ओळखीचा वाटतो म्हणून विचारण्याचा प्रश्नच येत नाही.

मराठीत असे ओळखीच्या चेहऱ्याचे शब्द भरपूर आहेत. ‘व्यस्त’ म्हणजे कामात गुंतलेला, मग ‘व्यस्त प्रमाण’ म्हणजे काय? ‘परस्पर’ म्हणजे आपल्याला न विचारता, जसे “त्याने परस्पर पैसे उचलले”, मग दोन वस्तू ‘परस्परांवर बल प्रयुक्त करतात’ म्हणजे काय? ‘प्रमाण’ तर सर्वांत अवघड. भूगोलात पावसाचे प्रमाण म्हणजे किती, गणितात प्रमाण म्हणजे दोन गुणोत्तरांची बरोबरी, भारतीय प्रमाण वेळ म्हणजे सर्वांसाठी ठरवून दिलेली, आणि घरात प्रमाण म्हटले की प्रमाणपत्र. चार तासिकांत चार शिक्षक हा एकच शब्द चार अर्थांनी वापरून जातात, आणि प्रत्येकाला वाटते की तो मुलांना येतो.

यातच शाळेच्या व्यवस्थेचा दोषही दिसतो. संज्ञेला मालक असतो. रोध विज्ञानाच्या शिक्षकाचा, तो ठळक अक्षरात छापलेला, त्याची व्याख्या दिलेली, आकृती काढलेली, आणि एकाच प्रकरणात तो इतक्या वेळा येतो की नको म्हटले तरी लक्षात राहतो. ‘अनुक्रमे’ धाराविद्युतच्या प्रकरणात दोन-तीनदा, गणितात काही वेळा, भूगोलात एखाद-दुसऱ्या वेळी येतो, आणि कुठेही त्याच्याखाली रेघ नसते. मराठीच्या तासाला शब्दार्थ दिले जातात ते धड्यातल्या आणि कवितेतल्या शब्दांचे, आणि कवितेत ‘अनुक्रमे’ येण्याचे काही कारण नाही.

शिकवण्याचा पहिला प्रयत्न, आणि तो का फसला

आम्ही तिघांनी, म्हणजे मराठीच्या मॅडम, भूगोलाचे सर आणि मी, नववीच्या पुस्तकांतून अशा शब्दांची यादी करायला घेतली. ती पाहता पाहता साठाच्या पुढे गेली. उत्साहात आम्ही ती सगळी अर्थांसह मुलांना लिहून दिली आणि पाठ करायला सांगितली. मुलांनी पाठ केली. ‘अनुक्रमे’पुढे आम्ही ‘क्रमवार’ लिहिले होते, आणि ज्या चुकीपासून सुटका हवी होती तीच आम्ही आमच्या हाताने पक्की केली. ‘सापेक्ष’पुढे ‘तुलनात्मक’, ‘तुलनेने’पुढे ‘सापेक्षतः’ असे एकमेकांच्या पाठीवर बसलेले अर्थ होते. एका अपरिचित शब्दाच्या बदल्यात दुसरा अपरिचित शब्द देऊन वहीचे पान भरते, पण उतारा वाचताना त्याचा उपयोग होत नाही. पुढच्या चाचणीत तसेच झाले.

त्यानंतर आम्ही निवडीला तीन अटी लावल्या. शब्द किमान दोन विषयांत येत असला पाहिजे, तो काढला तर वाक्याचा अर्थ कोसळला पाहिजे, आणि मुलांनी तो चुकीच्या अर्थाने धरल्याचा पुरावा आमच्याकडे असला पाहिजे. तिसऱ्या अटीने यादी सर्वांत जास्त छाटली. शिक्षकाला जे शब्द अवघड वाटतात आणि मुलांना जे खरोखर नडतात ते नेहमी एक नसतात, त्यामुळे ‘उपरोक्त’ गळाला आणि ‘तेवढेच असताना’ हा साधा दिसणारा शब्दबंध यादीत आला. शेवटी आठवड्याला दोन शब्द, याहून अधिक घ्यायचे नाहीत असे ठरले.

एक शब्द, एक आठवडा

‘अनुक्रमे’ कसा घेतला ते सविस्तर सांगतो, कारण इतर शब्दांची रीत तीच होती.

सोमवारी विज्ञानाच्या तासाला मूळ वाक्य फळ्यावर लिहिले आणि अर्थ सांगण्याआधी प्रत्येकाला तारांची आकृती काढायला लावली. कोण काय समजले आहे ते आकृतीत लपत नाही. निम्म्या वह्यांत तारा एकापुढे एक होत्या. मग वर्गातल्या दोन मुलांना पुढे बोलावले आणि फळ्यावर लिहिले : “राजू आणि सलीम यांचे हजेरी क्रमांक अनुक्रमे १२ व ३१ आहेत.” कोणाचा बारा आणि कोणाचा एकतीस हे सगळ्या वर्गाला माहीत होते. मग नावांची अदलाबदल केली आणि आकडे तसेच ठेवले. मुले ओरडली, “चूक!” काय चुकले, असे विचारल्यावर एका मुलाने जे सांगितले तेच आम्ही अर्थ म्हणून वहीत घेतले : “पहिल्या नावाला पहिला आकडा, दुसऱ्या नावाला दुसरा.” मूळ शब्दातला ‘क्रम’ खोटा नव्हता, तो तारांचा क्रम नसून यादीतल्या नावांचा क्रम होता, हेही याच वेळी स्पष्ट झाले. शब्दाच्या घडणीतून मुलाने काढलेला अर्थ पुसून टाकण्यापेक्षा तो योग्य जागी नेऊन बसवणे अधिक टिकते असा माझा अनुभव आहे.

बुधवारी मराठीच्या तासाला हद्द ठरवण्याचे काम झाले. मॅडमनी काही वाक्ये दिली आणि कुठे ‘अनुक्रमे’ चालेल, कुठे नाही ते विचारले. “मुले अनुक्रमे वर्गात आली” हे चालणार नाही, तिथे ‘एकामागून एक’ हवे. “आई आणि बाबा अनुक्रमे शिक्षिका व शेतकरी आहेत” हे चालेल. “तीन शहरांची लोकसंख्या अनुक्रमे दोन लाख व पाच लाख आहे” हे चालणार नाही, आणि का नाही, तर नावे तीन आणि आकडे दोन. या तिसऱ्या वाक्यावर बराच वाद झाला, आणि माझ्या मते शब्द खऱ्या अर्थाने तिथे शिकला गेला.

शुक्रवारी भूगोलाच्या तासाला सरांनी, आगाऊ काहीही न सांगता, रेखावृत्तांचा प्रश्न घातला : मुंबई आणि कोलकाता यांची रेखावृत्ते अनुक्रमे ७३° पूर्व व ८८° पूर्व अशी धरल्यास, मुंबईत स्थानिक वेळ दुपारी १२ असताना कोलकात्यात किती वाजले असतील? फरक १५ अंशांचा, अंशाला ४ मिनिटे, म्हणजे एक तास, आणि कोलकाता पूर्वेला असल्याने तिथे १. आकडे उलटे जोडले तर उत्तर ११ येते, त्यामुळे शब्द समजला आहे की नाही हे उत्तरावरूनच कळते. बहुतेकांनी १ लिहिले. ११ लिहिणारेही होते. त्यांच्याशी बोलल्यावर कळले की काही जणांनी आकडे बरोबर जोडले होते, पण पूर्वेला वेळ पुढे असते हेच त्यांना ठाऊक नव्हते, आणि ही अडचण भूगोलाची होती.

‘गृहीत धरणे’ घेताना मालिकेतले वाक्य टाळण्याऐवजी आम्ही तेच आधी लिहिले. “मला गृहीत धरू नकोस” यात समोरचा माणूस काय करतो आहे? न विचारताच ‘ही हो म्हणेल’ असे मनाशी ठरवतो आहे. “तापमान स्थिर आहे असे गृहीत धरा” यात आपण काय करतो? न मोजताच ‘ते बदलत नाही’ असे ठरवून पुढे जातो. दोन्हीकडे तपासण्याआधी मानणे आहे. किंमत न देणे हा त्या मानण्याचा घरगुती परिणाम आहे, शब्दाचा अर्थ नव्हे. मग शेवटचा प्रश्न : आपण मानले ते खरे नसेल तर काय होईल? तार तापली तर रोध वाढेल आणि आपले उत्तर चुकेल, असे मुलांनीच सांगितले. त्यानंतर तापमानाबद्दलचे विधान पुन्हा चूक की बरोबरला दिले, तेव्हा ‘बरोबर’ लिहिणारे थोडेच उरले.

‘परिणामी’साठी उलटापालट करून घेतली. “तार लांब आहे, परिणामी, रोध अधिक आहे” हे वाक्य ‘कारण’ वापरून लिहायचे : “रोध अधिक आहे, कारण तार लांब आहे.” दोन वाक्यांत भागांची जागा बदलते आणि अर्थ तोच राहतो. ज्याला ही पालट जमते त्याला कारण कोणते आणि फळ कोणते हे कळले आहे. या शब्दाचे एक वेगळेच दुखणे पुढे निघाले. मुलांना तो इतका आवडला की दोन आठवडे निबंधांतून “आम्ही सहलीला गेलो. परिणामी गड खूप उंच होता” अशी वाक्ये येऊ लागली. मॅडम वैतागल्या, पण मी त्यांना म्हटले की चुकीचा वापर दिसतो आहे म्हणजे निदान दुरुस्त करायला काहीतरी हाती आहे. शब्द ओलांडून जाणाऱ्या मुलाची चूक दिसतच नव्हती. अशा वाक्यावर आम्ही लाल रेघ मारली नाही, फक्त समासात “पालटून पाहा” एवढेच लिहिले. “गड उंच होता, कारण आम्ही सहलीला गेलो” असे लिहून झाल्यावर मुले स्वतःच हसली.

काय हाती लागले, काय नाही

सत्राच्या शेवटी मूळ प्रश्नच नव्या आकड्यांनी दिला. “दोन्हीतून सारखीच” हे उत्तर जवळजवळ नाहीसे झाले होते. तरी काही मुलांचे उत्तर चुकलेच, आणि इथे शिक्षकाने पुन्हा आमची सुरुवातीची चूक, फक्त उलट्या दिशेने, करू नये. सगळ्याच चुका शब्दांच्या नसतात. ओळखण्याची आमची रीत साधी आहे. मुलाला तोच प्रश्न तोंडी, त्याच्या बोलीत, शक्य तर वस्तू हातात देऊन विचारायचा. उत्तर आले तर अडथळा भाषेत आहे. तरीही आले नाही तर तो संकल्पनेत किंवा आकडेमोडीत आहे, आणि तिथे कितीही शब्द शिकवून काही होणार नाही. चुकलेल्यांपैकी एका मुलाला तारा हातात देऊनही सांगता आले नाही. त्याला भागाकारच येत नव्हता, आणि नववीपर्यंत ते कोणाच्या लक्षात आले नव्हते.

मग प्रश्नच सोप्या भाषेत का लिहू नये, असे मला एका पालकांनी विचारले. चाचणी विद्युतधारेची असेल तर जरूर लिहावा, आणि आता मी तसा लिहितोही. “अ तारेचा रोध ३ ओहम, ब तारेचा ६ ओहम” असे लिहिल्याने विज्ञानाचे काहीच कमी होत नाही. परंतु पाठ्यपुस्तक आणि बोर्डाची प्रश्नपत्रिका मी लिहीत नाही, आणि तिथे ‘अनुक्रमे’ असणारच आहे. म्हणून विज्ञान तपासायचे असते तेव्हा मी हे शब्द बाजूला ठेवतो आणि शिकवण्याच्या मजकुरात मुद्दाम आणतो.

‘सापेक्ष’ मात्र आम्हाला जमला नाही. आम्ही तो दोनदा घेतला, ‘निरपेक्ष’शी जोडून पाहिला, आर्द्रतेच्या पाठात त्याची ओळख करून दिली, तरी मुलांच्या लेखनात तो आला नाही आणि उताऱ्यात भेटला की ती तशीच पुढे जातात. मला वाटते, ‘अनुक्रमे’ला हजेरी क्रमांक सापडला आणि ‘गृहीत’ला मालिकेतले वाक्य सापडले, तसे त्यांच्या बोलण्यातले काहीतरी या शब्दाला अजून सापडलेले नाही. भूगोलाचे सर म्हणतात, धावत्या एसटीच्या खिडकीतून मागे पळणाऱ्या झाडांपासून सुरुवात करून पाहू. पुढच्या सोमवारचा तास त्यांचा आहे.